‘इट इज’ आणि ‘व्हॉट’ने सुरू होणारी वाक्यं: जोर कुठे येतो आणि भांडण कुठे सुरू होतं

प्रश्न: मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, क्लायंट इंग्लंडमधला. परवा त्यांना मेल लिहिला: “इट वॉज ऑन मंडे दॅट आय शेअर्ड द डिझाइन्स. इट इज युअर टीम दॅट हॅज नॉट रिप्लाइड. इट इज बिकॉज ऑफ दिस दॅट द रिलीज इज डिलेड. व्हॉट आय वॉन्ट इज युअर अप्रूव्हल बाय टुडे.” जोर यावा म्हणून मुद्दाम असं लिहिलं. आमची लीड म्हणाली, व्याकरण ठीक आहे, पण मेल भांडल्यासारखा वाटतो. का वाटतो ते काही तिला सांगता येईना. ही वाक्यं मग वापरायची कधी? ‘इट’वाली आणि ‘व्हॉट’वाली यांत फरक काय? आणि बोलताना जोर नक्की कुठे द्यायचा?

उत्तर: तुमच्या लीडचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचं कारण नेमकं सांगता येतं. तुम्ही या रचनेला नुसतं जोर द्यायचं साधन समजलात. ती जोर देते, पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी करते. वाक्याचा अर्धा भाग ‘हे तर आपल्या दोघांना ठाऊकच आहे’ असं म्हणून बाजूला ठेवते, आणि उरलेल्या अर्ध्या भागात ‘दुसरं कुणी किंवा काही नाही, हेच’ असं बजावते. तुमच्या मेलचा सूर या दोन गोष्टींनी बिघडवला आहे. एक अट मात्र आधीच सांगतो. तुमच्या आणि क्लायंटमध्ये त्याआधी काय पत्रव्यवहार झाला, हे मला दिसत नाही, आणि अशा वाक्यांचं बरंवाईट बरंचसं त्यावरच ठरतं. त्यामुळे खाली मी दोन्ही शक्यता धरून लिहितो.

या वाक्यांना ‘क्लेफ्ट’ म्हणजे दुभंगलेली वाक्यं म्हणतात. हे नाव डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1937 साली दिलं, आणि ते अगदी चपखल आहे. “द सर्व्हर क्रॅश्ड” हे एक अखंड वाक्य. त्याचं “इट वॉज द सर्व्हर दॅट क्रॅश्ड” केलं की त्याचे दोन तुकडे होतात. ‘दॅट’नंतरचा तुकडा म्हणतो, काहीतरी क्रॅश झालं, याबद्दल वाद नाही. ‘इट वॉज’नंतरचा तुकडा म्हणतो, ते म्हणजे सर्व्हर.

हा ‘वाद नाही’चा भाग किती चिवट असतो, ते नकार घालून बघा. “प्रिया डिडन्ट डिलीट द फाइल” म्हटलं तर फाइल कदाचित जागेवर असेलही. पण “इट वॉजन्ट प्रिया हू डिलीटेड द फाइल” म्हटलं की फाइल उडाली आहे आणि ती कुणीतरी उडवली आहे, हे दोन्ही गृहीत धरलं जातं. फक्त प्रियाचं नाव सुटतं. प्रश्न करून बघितलं तरी तेच. “डिड यू डिलीट द फाइल?” हा साधा प्रश्न आहे. “वॉज इट यू हू डिलीटेड द फाइल?” यात गुन्हा घडलेला आहे, फक्त गुन्हेगार शोधायचा बाकी आहे. समोरचा ‘नाही’ म्हणाला तरी गुन्हा तसाच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निवड. “इट वॉज रमेश हू केम” याचा अर्थ रमेश आला एवढाच नाही. जे येऊ शकले असते त्यांतला रमेशच आला, बाकीचे नाहीत, असा आहे. म्हणून तिथे ‘इव्हन’ किंवा ‘ऑल्सो’ घातलं की वाक्य अडखळतं. “इट वॉज ऑल्सो रमेश हू केम” असं सहसा कुणी म्हणत नाही.

मराठी माणसाला हे लवकर कळायला हवं, कारण ‘रमेशच आला’ आणि ‘रमेशही आला’ यांतला फरक आपण लहानपणापासून जाणतो. इट-क्लेफ्ट ‘च’चं काम करतं, ‘ही’चं कधीच नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत खरा घोळ पुढे होतो. आपला ‘च’ एकच काम करत नाही. ‘रमेशच आला’ यात निवड आहे. ‘तुला यायलाच हवं’ यात निवड नाही, सक्ती आहे. ‘मी सांगितलंच होतं’ यात आठवण करून देणं आहे. मनात ‘च’ आला की लगेच ‘इट इज’ लिहिलं, तर पहिल्या जागी ते बरोबर बसतं आणि पुढच्या दोन्ही जागी चुकतं. सक्तीसाठी इंग्रजीत “यू रिअली मस्ट कम” म्हणतात. आठवणीसाठी “आय डिड टेल यू” म्हणतात, म्हणजे ‘डिड’ जोरात म्हणून काम भागतं. लिहिताना मनातल्या ‘च’ला एकच प्रश्न विचारा: मी कशातून तरी एक निवडतोय का? उत्तर ‘हो’ असेल, तरच क्लेफ्टचा विचार करायचा.

आता तुमचा मेल घेऊ.

“इट वॉज ऑन मंडे दॅट आय शेअर्ड द डिझाइन्स.” तुम्ही डिझाइन्स पाठवलीत हे त्यांना ठाऊक आहे, तेवढं ठीक. पण वाक्य म्हणतं, सोमवारीच, दुसऱ्या दिवशी नाही. क्लायंटनं आधी ‘आम्हाला बुधवारी मिळाली’ असं लिहिलं असतं, तर हे वाक्य योग्य ठरलं असतं, कारण त्यात एका दाव्याला उत्तर असतं. तसं कुणी म्हटलेलं नसताना वाचणाऱ्याला वाटतं, मी कुठे काही वेगळं म्हणालो? भांडणाचा वास इथूनच सुरू होतो. तुम्हाला सोमवारवर थोडं वजन हवं होतं. ते इंग्रजीत शब्द शेवटी ठेवूनच मिळतं: “आय शेअर्ड द डिझाइन्स ऑन मंडे.” साध्या वाक्यात शेवटच्या जागेला आपोआप वजन येतं, त्यासाठी वाक्य फोडावं लागत नाही.

“इट इज युअर टीम दॅट हॅज नॉट रिप्लाइड.” ‘कुणीतरी उत्तर दिलेलं नाही’ हे गृहीत, आणि बोट तुमच्या टीमकडे. हे वाक्य दोषी ठरवण्यापलीकडे काही करत नाही. उत्तर आलेलं नाही एवढंच कळवायचं असेल, तर कर्ता आपल्याकडे घ्यायचा: “वुई हॅवन्ट हर्ड बॅक यट.” माहिती तीच राहते, बोट खाली येतं.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि तुमच्या लीडच्या ते कदाचित लक्षातही आलं नसेल. “इट इज बिकॉज ऑफ दिस दॅट द रिलीज इज डिलेड.” इथे ‘दॅट’च्या मागे काय गेलं ते बघा: रिलीज लांबलं आहे. ही त्या मेलमधली सगळ्यात मोठी बातमी, आणि ती ‘तुम्हाला माहीतच आहे’च्या कप्प्यात जाऊन बसली. क्लायंटला उशीर आधी कळवलेला असेल, तर चालेल. पण या मेलमधून तो पहिल्यांदा कळत असेल, तर त्यांना वाटणार की बातमी लपवून सरकवली. अशा बातमीला स्वतःचं साधं वाक्य द्यायचं: “दिस मीन्स द रिलीज विल मूव्ह टू थर्सडे.” ‘दॅट’च्या मागे तीच गोष्ट ठेवायची, जी वाचणाऱ्याला खरोखर ठाऊक आहे किंवा तो विनातक्रार मान्य करेल.

चौथं वाक्य, “व्हॉट आय वॉन्ट इज...”, याचा सांगाडा चांगला आहे. तिथे ‘वॉन्ट’ तेवढं बदला, कारण ग्राहकाशी बोलताना ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. आणि ‘अप्रूव्हल’ कशाचं ते स्पष्ट लिहा. मी तो मेल असा लिहिला असता: “आय शेअर्ड द डिझाइन्स ऑन मंडे, अँड वुई हॅवन्ट हर्ड बॅक यट. दिस मीन्स द रिलीज विल मूव्ह टू थर्सडे. व्हॉट वुई नीड नाऊ इज युअर अप्रूव्हल ऑन द टू पेमेंट स्क्रीन्स, टुडे इफ पॉसिबल.” दोन स्क्रीन आणि गुरुवार हे मी अंदाजानं घातलं आहे, तुमचं जे असेल ते घाला. चार क्लेफ्टपैकी एक उरलं, आणि ते एकटं असल्यामुळे नजर थेट त्याच्यावर जाते.

म्हणून इट-क्लेफ्ट टाळायचंच का? मुळीच नाही. समजा या मेलला उत्तर आलं की ‘तुमच्या सर्व्हरच्या अडचणीमुळे उशीर झाला असं आम्हाला कळलं’. आता समोर एक दावा उभा आहे आणि तो चुकीचा आहे. तेव्हा लिहा: “द सर्व्हर वॉज रनिंग थ्रूआउट. इट वॉज द मिसिंग अप्रूव्हल दॅट हेल्ड अस अप.” उशीर झाला हे दोघांना मान्य आहे, वाद फक्त कारणाचा आहे, आणि ही रचना नेमकं तेच दुरुस्त करते. साधं “द मिसिंग अप्रूव्हल हेल्ड अस अप” लिहिलं तर ती आणखी एक माहिती वाटेल, दुरुस्ती वाटणार नाही. बोलताना आवाजानं हा फरक दाखवता येतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून तिथे हे काम रचनेला करावं लागतं.

इट-क्लेफ्टचा आणखी एक प्रकार आहे, त्यात वाद अजिबात नसतो. “इट वॉज इन 1848 दॅट जोतिराव अँड सावित्रीबाई फुले ओपन्ड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे.” वाचणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसली तरी वाक्य खटकत नाही. इथे नवी माहिती ‘दॅट’च्या मागेच आहे, आणि लेखक ती ‘ही नोंदलेली, सर्वमान्य गोष्ट आहे’ अशा थाटात मांडतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एलन प्रिन्स यांनी 1978 साली हा प्रकार वेगळा काढून दाखवला. लेखाची किंवा भाषणाची सुरुवात करायला आणि इतिहास सांगायला तो उत्तम. “इट वॉज नॉट अन्टिल 1928 दॅट विमेन इन ब्रिटन कुड व्होट ऑन द सेम टर्म्स अॅज मेन” हे त्याच घरचं, आणि यात ‘इतका उशीर लागला’ हा भावही येतो. तुमच्या तिसऱ्या वाक्यानं नकळत हाच थाट घेतला होता. इतिहासातली घटना तो पेलते. कालच घडलेली आणि समोरच्याला बोचणारी गोष्ट त्यात घातली की ती लादल्यासारखी वाटते.

आता ‘व्हॉट’कडे येतो. क्रम उलटा आहे, म्हणून परिणामही वेगळा. “व्हॉट वुई नीड इज टाइम.” यात माहीत असलेला भाग आधी येतो, वाचणाऱ्याच्या मनात एक रिकामी जागा तयार होते, आणि ती शेवटी भरते. इट-क्लेफ्ट आधी उत्तर देऊन मोकळं होतं, व्हॉट-क्लेफ्ट उत्तराची वाट बघायला लावतं. म्हणून लांबलचक किंवा महत्त्वाचं उत्तर असेल तर ‘व्हॉट’ घ्यावं. पूर्ण वाक्याएवढा मजकूरही त्याच्या शेवटी आरामात बसतो: “व्हॉट वुई फाउंड वॉज दॅट द ओल्ड रेकॉर्ड्स हॅड नेव्हर बीन मूव्ह्ड.” ‘इट वॉज दॅट द ओल्ड रेकॉर्ड्स...’ अशी सुरुवात करून हेच वाक्य नीट होत नाही.

व्हॉट-क्लेफ्टची अट मात्र जरा कडक आहे. ‘व्हॉट’चा भाग समोरच्याला नुसता ठाऊक असून भागत नाही, त्या क्षणी तो त्याच्या मनात असावा लागतो, किंवा असणं साहजिक तरी हवं. मेल वाचणारा ‘मग आता यांना काय हवंय?’ असा विचार करतच असतो, म्हणून “व्हॉट वुई नीड नाऊ” तिथे सहज बसतं. मीटिंगमध्ये कुणी प्रश्न विचारल्यावर “व्हॉट वुई डिड वॉज...” म्हणणंही तसंच सहज. पण ओळख नसलेल्या माणसाला लिहिलेल्या मेलचं पहिलंच वाक्य “व्हॉट माय सिस्टर डिड लास्ट इयर वॉज...” असं असेल तर तो गोंधळेल. तुमच्या बहिणीचा विचार त्याच्या मनात कुठेच नव्हता.

‘व्हॉट’चा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे क्रियापदावर जोर देणं. “ही रिझाइन्ड” मधल्या राजीनाम्यावर जोर हवा असेल, तर “इट वॉज रिझाइन दॅट ही डिड” असं इंग्रजीत होत नाही. “व्हॉट ही डिड वॉज रिझाइन” असं होतं. उलट माणसावर जोर हवा असेल, तर ‘व्हॉट’ चालत नाही. तिथे “इट वॉज मीना हू कॉल्ड”, नाहीतर “द पर्सन हू कॉल्ड वॉज मीना”. विशेषणही ‘इट’च्या चौकटीत सहसा बसत नाही. आयर्लंडच्या इंग्रजीत “इट्स टायर्ड ही इज” सर्रास ऐकू येतं, ते आयरिश भाषेच्या वळणामुळे. तिथल्या लोकांच्या तोंडी ते अगदी सहज आहे, पण तुमच्या मेलमध्ये ते नको.

लिहिताना घसरायच्या जागा थोडक्यात सांगतो. काळ दोन्हीकडे जुळवा: ‘इट इज यस्टर्डे दॅट आय सेंट’ नाही, “इट वॉज यस्टर्डे दॅट आय सेंट इट”. ‘इट’ कायम एकवचनी, पण पुढचं क्रियापद निवडलेल्या नामाप्रमाणे चालतं: “इट इज दीज टू फाइल्स दॅट आर मिसिंग.” दिवस किंवा जागा आली तरी जोडायला ‘दॅट’च घ्या. “इट वॉज इन नाशिक दॅट वुई मेट” हे स्वच्छ आहे, तिथे ‘व्हेअर’ घातलं की काही वाचकांना खटकतं.

‘इट इज... दॅट’ दिसलं म्हणजे ते क्लेफ्टच असतं असंही नाही. “इट इज इम्पॉर्टन्ट दॅट यू कम” हे क्लेफ्ट नाही. ओळखायची रीत सोपी आहे: ‘इट इज’ आणि ‘दॅट’ काढून टाका आणि उरलेले शब्द जुळवून बघा. “इट वॉज द सर्व्हर दॅट क्रॅश्ड” मधून “द सर्व्हर क्रॅश्ड” हे पूर्ण वाक्य उरतं. “इम्पॉर्टन्ट यू कम” यातून काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात कुणाची निवड नाही, कुणाशी वाद नाही, त्यामुळे त्या वाक्यांबद्दल तुम्ही ही काळजी करायचं कारण नाही.

आता बोलण्याबद्दल. समोरासमोर बोलताना इट-क्लेफ्टची गरज कमी पडते, कारण “द सर्व्हर क्रॅश्ड” मधला ‘सर्व्हर’ नुसता जोरात म्हटला तरी ‘नेटवर्क नव्हे’ हे कळतं. तरीही क्लेफ्ट वापरलंत तर आवाज निवडलेल्या शब्दावर चढवा, आणि ‘दॅट’पासून पुढचं सगळं खालच्या पट्टीत, जरा भरभर म्हणा. आपल्याकडचे बरेच जण शेवटच्या शब्दावर पुन्हा जोर देतात. “इट वॉज द सर्व्हर दॅट क्रॅश्ड” मध्ये ‘क्रॅश्ड’ आपटून म्हटलं की ऐकणाऱ्याला नवीन काय आणि जुनं काय ते कळत नाही, आणि वाक्य फोडून काही मिळत नाही. अपवाद फुल्यांच्या शाळेसारख्या वाक्यांचा. तिथे मागच्या भागातही नवी माहिती असते, म्हणून सालावर थोडा आणि ‘स्कूल फॉर गर्ल्स’वर पुरता जोर हवा.

व्हॉट-क्लेफ्टमध्ये उलट करायचं. ‘व्हॉट वुई नीड’ म्हणताना आवाज शेवटी किंचित वर तरंगत ठेवा, म्हणजे वाक्य संपलेलं नाही हे कळतं. मग अगदी लहानसा थांबा घ्या, आणि ‘इज युअर अप्रूव्हल’ म्हणताना ‘अप्रूव्हल’वर जोर देऊन आवाज खाली आणा. या थांब्यामुळेच बोलताना लोक ‘व्हॉट आय मीन इज’, ‘व्हॉट हॅपन्ड वॉज’ इतकं वापरतात. पुढचं वाक्य मनात जुळवायला तेवढा वेळ मिळतो आणि समोरचा मध्ये बोलत नाही. क्लायंटच्या कॉलवर अडखळायला झालं की “व्हॉट आयम सेइंग इज” म्हणून थांबा घ्या, पण पुढे जे सांगाल ते आधीपेक्षा स्पष्ट असू द्या, कारण एवढं बोलून तुम्ही त्याला नेमकं उत्तर ऐकायला तयार केलेलं असतं. पुढच्या मेलचा मसुदा इथे टाकलात तर नक्की बघेन. त्यासोबत त्याआधी आलेला क्लायंटचा मेलही हवा, म्हणजे कुठल्या वाक्याला खरंच ‘इट वॉज’ लागतं ते ठरवता येईल.